मंगोल स्वाऱ्या, बगदादची ग्रंथालयं आणि पुन्हा जुळलेलं विद्वानांचं जाळं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नेमक्या कोणत्या काळाबद्दल आणि प्रदेशाबद्दल लिहिलं आहे?

मंगोल साम्राज्य कोरियापासून हंगेरीपर्यंत पसरलं होतं. त्या सगळ्याचा आढावा एका पानात घ्यायला गेलो तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून इथे फक्त इराण, इराक आणि त्यांना लागून असलेला प्रदेश घेतला आहे. ग्रंथालयांचा सर्वात मोठा विध्वंस झाला असं इथल्याबद्दलच सांगितलं जातं, आणि विद्वानांची घडी पुन्हा कशी बसली याचे पुरावेही इथेच भरपूर आहेत.

या प्रदेशावर दोन लाटा आल्या आणि त्या वेगळ्या ठेवणं फार गरजेचं आहे. पहिली चंगीझ खानाची, 1219 ते 1221. तिच्यात बुखारा, समरकंद, गुरगंज, मर्व, निशापूर ही शहरं पडली. दुसरी त्याचा नातू हुलागूची. 1256 मध्ये अलमूत, 1258 मध्ये बगदाद आणि 1260 मध्ये हलब म्हणजे आजचं अलेप्पो. पहिली लाट शहरं उद्ध्वस्त करून निघून गेली. दुसरी राज्य करायला आली होती. पुस्तकांचं आणि माणसांचं पुढे काय झालं, हे बहुतांशी या एका फरकावर ठरलं.

पहिल्या लाटेआधी मर्वसारख्या शहरात पुस्तकांची काय व्यवस्था होती?

याचं उत्तर आपल्याला एका वाचकाकडूनच मिळतं. याकूत अल-हमवी हा भूगोलकार मर्वमध्ये सुमारे तीन वर्षं राहिला आणि मंगोल यायच्या थोडंच आधी तिथून निघाला. मर्वमध्ये वक्फ केलेली, म्हणजे धर्मादाय म्हणून लावून दिलेली दहा ग्रंथालयं आहेत, असं तो लिहितो. त्यांतली दोन जामा मशिदीतच होती. त्यांपैकी अझीझिया या ग्रंथालयात सुमारे 12,000 खंड होते. ते वक्फ करणारा अझीझुद्दीन हा माणूस आधी मर्वच्या बाजारात फळं आणि सुगंधी पाला विकायचा. पुढे तो सुलतान संजरच्या पेयखान्यात चाकरीला लागला, आणि जमलेल्या पैशातून हे ग्रंथालय उभं राहिलं.

पुस्तकं उसनी मिळणं इतकं सोपं होतं की याकूतच्या घरी कायम 200 खंड असायचे, आणि त्यांतले बहुतेक काही तारण न ठेवता मिळालेले. त्यांची किंमत 200 दिनार होईल, असं तो सांगतो. त्याच्या भौगोलिक कोशातला बराच मजकूर याच पुस्तकांतून आला आहे.

1221 मध्ये मर्व पडलं. याकूत तोवर पश्चिमेला पळाला होता. आधी मोसुल आणि मग हलब. हलबमध्ये त्याला अल-किफ्ती या पुस्तकवेड्या अधिकाऱ्याचा आश्रय मिळाला आणि 1229 मध्ये तो तिथेच वारला. मर्वच्या दहा ग्रंथालयांतलं बरंच काही आज आपल्याला कळतं ते या एका निर्वासिताच्या टिपणांमुळे.

बगदादमध्ये इतकी पुस्तकं नदीत फेकली की तैग्रिसचं पाणी शाईने काळं झालं, हे खरं आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. ही कथा घटनेच्या वेळची नाही.

बगदाद 10 फेब्रुवारी 1258 ला शरण आलं, तीन दिवसांनी लूट सुरू झाली आणि 20 फेब्रुवारीला शेवटचा खलिफा अल-मुस्तअसिम याला मारण्यात आलं. कत्तल भयंकर होती, त्यात वाद नाही. फ्रान्सच्या राजाला 1262 मध्ये पाठवलेल्या पत्रात हुलागू स्वतःच दोन लाख माणसं मारल्याची बढाई मारतो. पण त्या पिढीतल्या लेखकांच्या वृत्तांतांत शाईने काळी पडलेली नदी सापडत नाही. पुस्तकं नदीत टाकल्याचा प्रसिद्ध उल्लेख इब्न खल्दूनचा आहे, आणि तो 1406 मध्ये वारला. म्हणजे दीडशे वर्षांनंतरचा. पुस्तकांचा पूल करून घोडे पार गेले, पाणी काळं झालं, हे तपशील त्याच्याही नंतर चिकटत गेले.

शिवाय फेब्रुवारीत तैग्रिसचा प्रवाह सेकंदाला शेकडो घनमीटर असतो. एवढ्या पाण्याला रंग चढवायला लागणारी शाई जगातल्या सगळ्या ग्रंथालयांत मिळूनही नसेल. पुस्तकं जळली, भिजली, तुडवली गेली, हे नक्की. पण ‘सगळी गेली’ असं धरून चाललं की पुढचा, जास्त गुंतागुंतीचा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

मग बगदादची पुस्तकं गेली कुठे?

तीन वाटांनी. काही नष्ट झाली. काही सरकारजमा होऊन उत्तरेला, वायव्य इराणमधल्या अझरबैजान प्रांतात गेली. आणि बरीच विकली गेली.

तिसऱ्या वाटेकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या काळचा एक अरबी वृत्तांत सांगतो की लूट थांबल्यावर हिल्ला आणि कूफा भागातले लोक धान्य घेऊन बगदादला येऊ लागले. या गावांनी आधीच शरणागती पत्करली होती, त्यामुळे ती वाचली होती. बगदादमध्ये उपासमार होती. या लोकांनी अन्न विकलं आणि आलेल्या पैशातून उत्तमोत्तम पुस्तकं आणि पितळेची भांडी मातीमोल भावाने घेतली. बगदादमध्ये लुटीत हाती आलेलं किंवा घरात दडवलेलं पुस्तक पोटासाठी विकायला निघालं होतं आणि हिल्लामध्ये ते वाचणारा होता. हिल्ला पुढच्या शतकात शिया विद्येचं मोठं केंद्र झालं. त्याची इतरही कारणं आहेत, पण हा बाजार त्यांतलं एक आहे असं आमचं मत आहे.

उरलेल्या ग्रंथालयांचा कारभार पाहायला नव्या सत्तेने जुनीच जाणकार माणसं नेमली. इब्न अबिल-हदीद हा विद्वान आणि त्याचा भाऊ यांचा जीव खलिफाचा वजीर इब्न अल-अल्कमी आणि हुलागूच्या पदरी असलेला खगोलज्ञ नसिरुद्दीन तूसी यांच्या रदबदलीने वाचला होता, आणि ग्रंथालयांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. इब्न अल-साई हा आधीपासूनचा ग्रंथपालही त्यांच्या जोडीला होता. तो 1276 पर्यंत जगला आणि लिहीत राहिला.

मुस्तन्सिरिया मदरसा बंद पडला का?

नाही. हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. खलिफा अल-मुस्तन्सिरने बांधलेला हा मदरसा 1234 मध्ये सुरू झाला. कायद्याच्या चारही सुन्नी पंथांचे प्रत्येकी 62 म्हणजे एकूण 248 विद्यार्थी, आणि त्यांच्या जेवणाखाण्याची, तेलाची, कागदाची सोय. ग्रंथालयासाठी पहिल्यांदा पुस्तकं आणली तेव्हा 160 हमाल लागले होते.

1258 नंतर इथे पुन्हा पाठ सुरू झाले. इब्न बतूता 1327 मध्ये बगदादला आला तेव्हा चारही पंथांचे अध्यापक आपापल्या दालनात बसून शिकवत होते, आणि त्याने त्याचं वर्णन केलं आहे. इमारत आजही तैग्रिसच्या काठावर उभी आहे.

माणसं वाचली ती कशी? नशिबाने?

नशीब होतंच, पण त्याला एक पद्धतही होती. मंगोल सैन्य शहर घेतल्यावर माणसं वेगळी काढायचं. कारागीर, वैद्य, ज्योतिषी, लेखनिक एका बाजूला. ज्याला आपला हुन्नर पटवून देता आला, किंवा ज्याच्यासाठी आत आधीच पोचलेल्या कोणी शब्द टाकला, तो जगला.

सफीउद्दीन अल-उर्मवी हा खलिफाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, सुलेखनकार आणि संगीतज्ञ. त्याच्या गल्लीत मंगोल अधिकारी शिरला तेव्हा त्याने दार उघडून त्याचं आतिथ्य केलं, खाणंपिणं, गाणं, नजराणे, आणि बदल्यात गल्लीला अभय मिळवलं, अशी हकीगत सांगतात. पुढे तो नव्या दरबारातही मानाने राहिला. याकूत अल-मुस्तअसिमी हा सुलेखनकारही वाचला, 1298 पर्यंत बगदादमध्येच राहिला आणि त्याच्या हाताखाली सुलेखनाची एक अख्खी परंपरा तयार झाली.

मुह्युद्दीन अल-मग्रिबी याची गोष्ट आणखी थेट आहे. तो सीरियाच्या सुलतानाच्या पदरी होता. 1260 मध्ये मंगोलांनी सुलतानाच्या माणसांना मारायला घेतलं तेव्हा आपल्याला आकाशातल्या ग्रहांचं ज्ञान आहे असं त्याने ओरडून सांगितलं. त्याला बाजूला काढून थेट अझरबैजानातल्या मराघा इथे हुलागूने उभारलेल्या वेधशाळेत पाठवण्यात आलं, आणि तिथल्या उत्तम निरीक्षकांत त्याची गणना होते.

व्याकरण, हदीस किंवा कायदा जाणणाऱ्याला ही सोय नव्हती. ‘मी उत्तम वैयाकरणी आहे’ हे तलवारीसमोर कामाचं वाक्य नाही. कोणत्या विद्या आधी सावरल्या आणि कोणत्या उशिरा, याचं एक कारण ही निवड आहे.

अलमूतचं ग्रंथालय मंगोलांनीच जाळलं ना?

जाळलं ते मंगोलांच्या नोकरीतल्या एका फारसी विद्वानाने, आणि ते त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. निझारी इस्माइली या शिया पंथाचा हा किल्ला 1256 च्या अखेरीस पडला तेव्हा इतिहासकार अता-मलिक जुवैनी हुलागूची परवानगी घेऊन आत गेला. कुराणाच्या प्रती आणि निवडक पुस्तकं त्याने बाजूला काढली, तसंच खगोलाची उपकरणं, म्हणजे वलयगोल आणि अ‍ॅस्ट्रोलेब. उरलेली पुस्तकं पाखंडी म्हणून जाळून टाकली. त्याआधी या राज्याचा संस्थापक हसन सब्बाह याचं एक चरित्र मात्र त्याने वाचून आपल्या इतिहासात वापरलं, त्यामुळे तेवढा मजकूर टिकला. पुढे हाच जुवैनी बगदादचा कारभारी झाला आणि तिथल्या संस्थांना त्याने हात दिला.

मराघाच्या ग्रंथालयात चार लाख पुस्तकं होती, हा आकडा विश्वसनीय आहे का?

नसिरुद्दीन तूसी अलमूतच्या राज्यकर्त्यांच्या पदरी होता. 1256 मध्ये तो हुलागूकडे आला, आणि 1259 मध्ये मराघाजवळच्या टेकडीवर त्याच्या देखरेखीखाली वेधशाळेचं काम सुरू झालं. सोबत ग्रंथालय होतं. बगदाद, सीरिया आणि जझीरा म्हणजे उत्तर इराकच्या आसपासचा प्रदेश या भागांतून लुटून आणलेले चार लाखांहून जास्त खंड तिथे होते, असं इब्न शाकिर हा चौदाव्या शतकातला चरित्रकार लिहितो.

आकडा जरा मांडून पाहू. एक खंड सरासरी दीड किलोचा धरला, तर चार लाख खंड म्हणजे 600 टन. एका उंटावर 200 किलो लादले तर 3,000 उंट. सैन्यासाठी हे अशक्य नाही. खरी अडचण मांडणीची आहे. तेव्हा पुस्तकं उभी न ठेवता आडवी, एकावर एक रचत. एक खंड पाच सेंटिमीटर जाडीचा धरला तर सगळ्यांची मिळून रास 20 किलोमीटर होते. दीड मीटर उंचीचे ढीग केले तरी 13,000 च्या वर ढीग. टेकडीवरच्या उत्खननात एवढा साठा मावेल अशी इमारत दिसलेली नाही.

तेव्हा चार लाख म्हणजे ‘अतोनात’ असं वाचावं. पण साठा मोठा होता आणि वापरात होता, हे दुसऱ्या बाजूने पक्कं कळतं. सीरियन ख्रिस्ती धर्मगुरू बार हिब्रियस याने मराघात 1268 मध्ये युक्लिड आणि 1272 मध्ये टॉलेमी शिकवला. आपला इतिहास लिहिताना इथल्या सुरियानी, अरबी आणि फारसी ग्रंथांचा उपयोग केल्याचं तो सांगतो.

या सगळ्याला पैसा कुठून आला?

वक्फमधून. पुनर्बांधणीची खरी किल्ली इथे आहे.

मदरसा किंवा ग्रंथालय चालायचं ते त्याच्या नावे लावून दिलेल्या जमिनी, दुकानं, गिरण्या यांच्या उत्पन्नावर, आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असते तसं. म्हणून इमारत शाबूत राहिली तरी गावं ओस पडली की संस्था मरते. जमिनीचं उत्पन्न येत नाही, अध्यापकाचा पगार थकतो, तो दुसरीकडे जातो, ग्रंथपाल नसला की पुस्तकं एकेक करून बाहेर पडतात. आगीत एका दिवसात जितकं जातं तितकंच या मार्गाने वीस वर्षांत जातं, फक्त त्याची कोणी नोंद करत नाही.

हुलागूने राज्यातल्या वक्फांचा कारभार तूसीकडे दिला. वक्फांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा वेधशाळेला लावून दिला होता. राजाच्या मर्जीवर चालणारी वेधशाळा राजाबरोबर संपते, आणि मराघाची वेधशाळा हुलागू 1265 मध्ये मेल्यानंतरही चालू राहिली ती या व्यवस्थेमुळे. शनीची एक प्रदक्षिणा पुरी व्हायला 30 वर्षं लागतात, म्हणून निरीक्षणांनाही तेवढी वर्षं हवीत, असं तूसीचं म्हणणं होतं. हुलागूने बारा सांगितली. ग्रहांची कोष्टकं 1272 च्या सुमारास पुरी झाली आणि त्यांत जुन्या आकड्यांचा बराच आधार घ्यावा लागला.

या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की इतर संस्थांच्या वक्फातून हिस्सा काढला की तेवढा त्यांना कमी पडतो. तूसी 1274 मध्ये बगदादला वारला. तिथेही तो वक्फांचे हिशेब पाहायला आणि पुस्तकं गोळा करायला यायचा. मराघा भरत होतं तेव्हा बगदाद थोडं रिकामं होत होतं.

विद्वानांचं जाळं पुन्हा जुळलं म्हणजे प्रत्यक्षात काय झालं? एखादं उदाहरण?

कुतुबुद्दीन शिराझी (1236 ते 1311) याचा एका पुस्तकामागचा प्रवास पाहा. इब्न सीनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथाचा पहिला भाग, म्हणजे वैद्यकाची सर्वसाधारण तत्त्वं, त्याला नीट समजून घ्यायचा होता.

शिराझीचे वडील शिराझच्या रुग्णालयात वैद्य होते. ते वारले तेव्हा मुलगा 14 वर्षांचा होता आणि त्यांची जागा त्यालाच मिळाली. तो काकांकडे आणि शहरातल्या आणखी दोन अध्यापकांकडे हा ग्रंथ शिकला, पण कठीण जागा सुटेनात. या ग्रंथावर भाष्य करणाऱ्यांतला एक, कुतुबुद्दीन मिस्री, 1221 मध्ये निशापूरच्या कत्तलीत मारला गेला होता. त्याचं लिखाण मागे राहिलं, पण तोंडी समजावणारा राहिला नाही. विद्येची साखळी तुटते ती अशी. पुस्तक हातात असतं आणि त्यातली अडलेली ओळ विचारायला माणूस नसतो.

शिराझ मंगोलांना खंडणी देऊन वाचलं होतं, त्यामुळे मार्ग मोकळा होता. 1260 च्या आसपास शिराझी मराघाला तूसीकडे गेला. तूसीने काही गाठी सोडवल्या, पण तो वैद्य नव्हता, आणि सगळ्या सुटल्या नाहीत. दरम्यान शिराझी खगोल शिकला आणि त्यातच नाव कमावलं. पुढे खुरासान, इराक, बगदाद, मग अनातोलिया, आणि तिथे तो सिवास-मलातियाचा काझी झाला.

1282 मध्ये इराणचा मंगोल शासक अहमद तेगुदर याने इजिप्तच्या ममलूक सुलतानाकडे वकील पाठवले. ही दोन राज्यं एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. वकिलांत शिराझी होता. काम राजकीय, पण कैरोत त्याला हवं ते सापडलं. ‘कानून’च्या याच भागावरची तीन पूर्ण भाष्यं, त्यांतलं एक इब्न अल-नफीसचं, आणि तो वैद्य तेव्हा कैरोतच होता. भाष्यांच्या प्रती घेऊन शिराझी परतला, आणि आधी जमवलेली आणि ही नवी भाष्यं समोर ठेवून स्वतःचं भाष्य लिहायला बसला. त्यावर तो तब्रीझमध्ये आयुष्याच्या अखेरीपर्यंत काम करत होता. हा सगळा पाठलाग त्याने त्या भाष्याच्या प्रस्तावनेतच लिहिला आहे, म्हणून आपल्याला माहीत.

जाळं म्हणायचं ते यालाच. वाचलेलं एक शहर, पैशाची सोय असलेलं एक केंद्र, ओळखीने मिळालेली नोकरी आणि शत्रूराज्यात पाय ठेवायची एक संधी. यांतला एक दुवा नसता तर भाष्य झालं नसतं.

पत्रांनीही मोठं काम केलं. तूसी आणि कोन्याचा सूफी सद्रुद्दीन कूनवी यांच्यात तत्त्वज्ञानावर लांबलचक पत्रव्यवहार झाला. दोघांची पत्रं टिकली आहेत. आणखी पुढच्या पिढीत ग्रेगरी खिओनियादेस हा बायझंटाइन विद्वान 1290 च्या दशकात तब्रीझला येऊन खगोल शिकला आणि ते ज्ञान ग्रीकमध्ये घेऊन गेला.

गेलेल्या पुस्तकांच्या नकला कोण करत होतं आणि किती?

पेशाने नक्कल करणारे, विद्यार्थी आणि स्वतः ग्रंथपाल. इब्न अल-फुवती हा बगदाद पडलं तेव्हा 14 वर्षांचा होता. गुलाम म्हणून नेला गेला, 1262 च्या सुमारास तूसीपर्यंत पोचला आणि मराघाच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल झाला. 1280 च्या सुमारास जुवैनीच्या बोलावण्यावरून तो बगदादला परतला आणि मुस्तन्सिरियाची पुस्तकं सांभाळू लागला. तो रोज चार ‘कुर्रासा’ उतरवून काढायचा, असं चरित्रकार लिहितात. कुर्रासा म्हणजे दुमडून शिवलेल्या कागदांची जुडी, बहुधा दहा पानांची. म्हणजे 40 पानं, दोन्ही बाजू धरून 80 पृष्ठं. दाट अक्षरात हे रोज जमणं कठीण आहे, सलग चांगल्या दिवसांत जमेल. त्यातून हाताला सरावाची गती किती होती तेवढं कळतं.

त्याने मराघाला येणाऱ्या माणसांची नोंद ठेवली होती, पण ते पुस्तक हरवलं. त्याच्या प्रचंड चरित्रकोशाच्या संक्षेपाचा काही भाग मात्र त्याच्याच अक्षरात टिकला आहे. कोण कुठून आला, कोणाकडे शिकला, कोणतं पुस्तक बरोबर होतं, अशा नोंदींनी तो भरला आहे. या काळातल्या विद्वानांच्या हालचालींबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं इथूनच.

नकलांची पक्की व्यवस्था लावली ती इराणच्या मंगोल शासकांचा वजीर रशीदुद्दीन याने. तब्रीझच्या कडेला त्याने वसवलेल्या ‘रब-ए रशीदी’ या वसाहतीचं 1309 चं वक्फपत्र टिकलं आहे. त्यात दर वर्षी उत्तम बगदादी कागदावर कुराणाची एक आणि हदीसच्या एका मोठ्या संग्रहाची एक प्रत करायचं कलम आहे. प्रत मूळ पोथीशी ताडून पाहायची, काझीकडे तिची नोंद करायची आणि मग एखाद्या शहराला पाठवून द्यायची. पुढे जोडलेल्या कलमात रशीदुद्दीनच्या स्वतःच्या ग्रंथांच्या अरबी आणि फारसी प्रतीही दर वर्षी करून बाहेर धाडायच्या होत्या. प्रती एका जागी राहिल्या तर एका लुटीत संपतात, हे या पिढीला चांगलंच माहीत होतं.

आणि तसंच झालं. रशीदुद्दीनला 1318 मध्ये ठार मारलं आणि वसाहत लुटली गेली, 1336 मध्ये पुन्हा. लुटणारे बाहेरचे नव्हते, दरबारातल्याच दुफळीतले होते. तरीही 1314 ते 1317 या वर्षांत झालेल्या त्याच्या जगाच्या इतिहासाच्या काही प्रती इस्तंबूल, एडिंबरा आणि लंडनमध्ये आजही आहेत.

काय कधीच सावरलं नाही?

पूर्व खुरासान. मर्वचं धरण आणि कालवे मोडले आणि शेतीच गेली. नवी वस्ती वसवायला 1409 उजाडलं, आणि तीही तैमूरी सुलतान शाहरुखने बाजूला, नव्या जागी वसवली. दहा ग्रंथालयांचं शहर मधली दोन शतकं ओसाडच होतं. तिथले विद्वान परतले नाहीत, कारण परतायला जागाच नव्हती. कोन्या, दमास्कस, कैरो आणि दिल्ली यांना त्यांचा फायदा झाला.

मराघाही कायमचं टिकलं नाही. 1340 च्या सुमारास लिहिणारा भूगोलकार मुस्तौफी वेधशाळा मोडकळीस आली आहे असं सांगतो.

नालंदा मंगोलांनी जाळलं का? आणि मंगोल म्हणजेच मुघल का?

दोन्हींचं उत्तर नाही. बिहारमधली स्वारी बख्तियार खिलजीची, तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. तेव्हा चंगीझ अजून मंगोलिया सोडून पश्चिमेला निघालाही नव्हता. मुघल घराणं त्यानंतर तीनशे वर्षांनी आलं. बाबराच्या आईकडून चंगीझशी नातं होतं, एवढाच संबंध.

एक धागा मात्र खरा आहे. बख्तियारच्या बिहार स्वारीचं वर्णन ज्याच्या लेखणीतून आपल्याला मिळतं तो मिन्हाज-ए सिराज हा मंगोलांपासून पळून 1227 मध्ये आज पाकिस्तानच्या पंजाबात असलेल्या उचला आलेला निर्वासित होता. पुढे तो दिल्लीचा काझी झाला. त्याच्या वृत्तांतात ‘नालंदा’ हे नावच नाही, तो ‘बिहार’ नावाच्या तटबंदीच्या शहराबद्दल लिहितो.

हस्तलिखित हातात आलं तर ते या धक्क्यातून गेलं आहे हे कसं ओळखायचं?

सुरुवात शेवटच्या पानापासून करा. पुष्पिकेत, म्हणजे नक्कल करणाऱ्याने शेवटी लिहिलेल्या ओळींत, नकलेचं हिजरी वर्ष आणि बहुतेकदा गाव असतं. बगदादचं पडणं हिजरी 656 मधलं, मर्वचं 618 मधलं. 656 च्या आधी बगदादमध्ये लिहिलेली पोथी दिसली की पहिलं पान उलटा. तिथे आणि समासात मालकांच्या नोंदी असतात. एकाखाली एक, वेगवेगळ्या हातांच्या. वक्फाची नोंद असेल तर पुस्तक विकायचं नाही असं त्यात स्पष्ट म्हटलेलं असतं. अशा नोंदीवर शाई फिरवलेली असेल, ती खरवडली असेल किंवा वर कागदाची पट्टी चिकटवली असेल, तर कोणीतरी वक्फाचं पुस्तक खाजगी म्हणून विकलं आहे. तिरप्या उजेडात खरवडलेली जागा खडबडीत दिसते आणि बरेचदा वर्ष वाचता येतं.

समासात ठरावीक अंतराने ‘बलग’ हा शब्द दिसला तर नक्कल मूळ प्रतीशी ‘इथपर्यंत’ ताडून पाहिली आहे. अशी खूण अर्ध्यावर थांबली असेल, तर पुढचा मजकूर वापरताना दुसरी प्रत शेजारी ठेवावी.

नोंदींत फसगतही होते. प्रतिष्ठित ग्रंथालयाचा शिक्का किंवा मोठ्या लेखकाची सही किंमत वाढवते, त्यामुळे त्या बनावट असू शकतात. अक्षर त्या माणसाच्या दुसऱ्या खात्रीच्या लिखाणाशी जुळतं का, आणि नोंदीची शाई कागदाच्या दुरुस्तीच्या पट्टीवरून गेली आहे की खालून, हे पाहा. पट्टी नंतरची असून नोंद तिच्यावरून जात असेल, तर ती नोंद पट्टीपेक्षाही नंतरची, मग तिच्यात वर्ष कोणतंही लिहिलेलं असो.